खाडे आठ की नऊ, आणि ६४० रुपये किती वेळा?

प्रश्न : मी पुण्यात एका खासगी वसतिगृहात राहते. तिथल्या मेसचा दर दिवसाला १४० रुपये आहे आणि जुलैमध्ये मी ५००० रुपये अनामत भरली होती. दिवाळीसाठी १७ ऑक्टोबर २०२५ रोजी दुपारचे जेवण करून मी गावी गेले आणि २७ तारखेला रात्रीच्या जेवणाला परत आले. खाड्याचा अर्ज १६ तारखेलाच दिला होता. मेस दिवाळीतही चालू होती. नियमपत्रकावर ‘सलग तीन किंवा अधिक पूर्ण दिवस गैरहजर असल्यास व आदल्या दिवसापर्यंत अर्ज दिल्यास प्रतिदिन १०५ रुपये सूट’ असे छापले आहे. ३१ ऑक्टोबरला मी मेस सोडली. शेवटचे बिल असे आले : ३१ दिवसांचे ४३४०, खाडे १८ ते २६, ८ दिवस, सूट ८४०, मागील बाकी ६४०, एकूण देय ४१४०, अनामत शिल्लक ४३६०, परतावा २२०. माझ्या हिशेबाने मी ११ दिवस नव्हते, म्हणजे २० दिवसांचे २८०० झाले आणि ५००० मधून मला २२०० परत मिळायला हवेत. सप्टेंबरच्या ४२०० पैकी मी ३५६० भरले होते. त्या पावतीवर ‘बाकी ६४० अनामतीतून’ असे पेनने लिहिलेले आहे. चूक नक्की कोणाची?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : चूक दोघांचीही आहे. तुम्हाला २२० नव्हे आणि २२०० ही नव्हे, तर ९६५ रुपये परत मिळायला हवेत. मेसच्या बिलात दोन चुका आहेत आणि त्या दोन्ही तुमच्या विरुद्ध जातात. तुमच्या हिशेबात तीन चुका आहेत आणि त्या तुमच्या बाजूने जातात. मेसच्या कार्यालयात जाण्यापूर्वी आपल्या चुका आपण काढून टाकलेल्या बऱ्या, कारण २२०० चा आकडा पुढे केलात की कारकून त्यातली एखादी चूक लगेच दाखवील आणि मग त्याच्या चुकांवर बोलायला तुम्हाला जागा उरणार नाही.

आधी दिवस पाहू, कारण दर, सूट आणि बाकी हे सगळे त्यांच्यावर उभे असते. बिलावर ‘१८ ते २६’ असे स्पष्ट लिहिलेले आहे आणि तिथेच शेजारी ‘८ दिवस’ असे आहे. बोटांवर मोजून पाहा : अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस, सव्वीस. हे नऊ दिवस होतात. सव्वीसमधून अठरा वजा केले की आठ येतात हे खरे, परंतु त्या वजाबाकीतून अठरा तारखेनंतर किती दिवस गेले एवढेच कळते. खुद्द अठरा तारीख त्यात धरली जात नाही. पहिली आणि शेवटची, दोन्ही तारखा धरायच्या असतील तर वजाबाकीत एक मिळवावा लागतो. मी एका मुलींच्या वसतिगृहाचा हिशेब काही वर्षे पाहत होते. तिथल्या खाडेवहीत ‘पासून’, ‘पर्यंत’ आणि ‘दिवस’ असे तीन रकाने होते, आणि तिसऱ्या रकान्यात पेन्सिलीने आठ लिहून मग त्यावरच गिरवून नऊ केलेला आकडा मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्या रकान्याकडे मी आधी संशयानेच पाहत असे. वही असताना निदान बोटे तरी मोजली जात. आता बिले संगणकावर तक्त्यात करतात आणि तिथे पहिल्या दिवशी कोणीतरी `=B2-A2` असे सूत्र घालून ठेवले, की ते वर्षभर तसेच चालते. तिथे `=B2-A2+1` असायला हवे.

चूक सूत्रातली आहे की फक्त तुमच्या ओळीपुरती, हे ओळखणे सोपे आहे. दिवाळीत गावी गेलेल्या एखाद्या मैत्रिणीचे बिल पाहा. तिच्या बिलावर ‘२० ते २४’ असेल आणि दिवस ४ लिहिलेले असतील, तर चूक सूत्रातच आहे आणि त्या महिन्यात खाडा घेतलेल्या प्रत्येकीला एक दिवस कमी मिळाला आहे. मग ही तुमची एकटीची तक्रार राहत नाही, आणि कारकुनालाही ‘तुमच्यापुरते बघू’ असे म्हणता येत नाही.

आठ दिवस धरण्यामागे आणखी एक कारण असू शकले असते, म्हणून तेही तपासून बाजूला ठेवू. अर्ज उशिरा, म्हणजे १८ तारखेला, वहीत चढला असता तर आदल्या दिवसापर्यंत अर्ज देण्याच्या अटीमुळे १८ चा खाडा बाद झाला असता आणि १९ ते २६ असे खरोखरच आठ दिवस उरले असते. पण तसे असते तर बिलावर तारखाही ‘१९ ते २६’ अशा आल्या असत्या. मेसने स्वतःच १८ पासून खाडा मान्य करून तसे लिहून दिले आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत वाद फक्त मोजणीचा आहे. तरीही अर्जाची पोच किंवा मोबाइलवरचे छायाचित्र हाताशी ठेवा.

आता तुमच्या अकरा दिवसांकडे येऊ. तुम्ही १७ आणि २७ या दोन्ही तारखा गैरहजेरीत धरल्या आहेत, पण १७ ला तुम्ही दुपारी जेवून निघालात आणि २७ ला रात्री मेसमध्येच जेवलात. नियमपत्रकात ‘पूर्ण दिवस’ हे शब्द आहेत, त्यामुळे ज्या दिवशी एक वेळचे जेवण झाले तो दिवस हजेरीचा. काही मेसमध्ये एका वेळचा अर्धा खाडाही धरतात. तिथे कूपन असते किंवा दोन वेळांची वेगळी हजेरी घेतात. तुमच्या नियमपत्रकात तशी सोय दिसत नाही, म्हणून ती मागता येणार नाही. गाडी सकाळची होती की संध्याकाळची यावर एका दिवसाचा खाडा ठरतो, हे पुढच्या वेळी अर्ज लिहिताना ध्यानात ठेवावे. गेल्याचा आणि आल्याचा दिवस न लिहिता ‘पूर्ण गैरहजेरी १८ ते २६, एकूण ९ दिवस’ असे स्वतःच आकड्यासकट लिहून द्यावे, म्हणजे मोजणी कारकुनावर सोडावी लागत नाही.

तुमची दुसरी चूक दराची आहे. गैरहजर दिवसाचे शून्य रुपये पडतात असे तुम्ही धरले आहे, पण सूट १०५ ची आहे आणि दर १४० चा. उरलेले ३५ रुपये तुम्ही जेवलात किंवा न जेवलात तरी पडतात. आचाऱ्याचा आणि भांडी घासणाऱ्या बाईंचा पगार, जागेचे भाडे आणि विजेचे बिल तुमच्या सुट्टीने कमी होत नाही. कमी होते ते पीठ, तांदूळ, भाजी, तेल आणि थोडा गॅस. ३५ रुपये योग्य आहेत की जास्त, यावर वाद घालता येईल, परंतु तो वाद जुलैमध्ये नियमपत्रक घेताना घालायचा. शेवटच्या बिलाच्या वेळी नियमपत्रकावर छापलेला आकडाच धरावा लागतो.

इथे बिलाची बेरीज पडताळण्याची एक रीत सांगते, कारण तिने बहुतेक चुका सापडतात. महिन्याचा आकार दोन वाटांनी काढता येतो. पहिल्या वाटेने सगळा महिना धरावा आणि सूट वजा करावी : ३१ गुणिले १४० म्हणजे ४३४०, त्यातून ९ गुणिले १०५ म्हणजे ९४५ वजा, उरले ३३९५. दुसऱ्या वाटेने फक्त हजर दिवस पूर्ण दराने धरावेत आणि गैरहजर दिवसांचा स्थिर भाग त्यात मिळवावा : २२ गुणिले १४० म्हणजे ३०८०, अधिक ९ गुणिले ३५ म्हणजे ३१५, एकूण ३३९५. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आले की दिवस, दर आणि सूट यांचा आपसात मेळ बसला असे समजावे. आले नाही, तर बहुधा हजर आणि गैरहजर दिवसांची बेरीज महिन्याच्या दिवसांइतकी होत नसते.

या दोन वाटा एकमेकींत मिसळू मात्र नयेत. हजर दिवसांचे ३०८० धरून त्यातून पुन्हा ९४५ ची सूट वजा केली तर २१३५ येतात. हा आकडा विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये मी अनेकदा पाहिला आहे आणि तो घेऊन भांडायला आलेल्या मुलींना समजावताना माझी दुपार गेलेली आहे. हजर दिवसच धरले तेव्हा गैरहजर दिवस आधीच बाहेर पडले. त्यांची सूट पुन्हा घेणे म्हणजे एकच खाडा दोनदा घेणे.

तुमची मेस दिवाळीत चालू होती म्हणून हिशेब एवढा सरळ राहिला. समजा ती २० ते २३ बंद असती, तर ते चार दिवस खाड्याचे नसते, बंदचे असते. मेसनेच जेवण दिले नाही त्या दिवसाचा दर लागत नाही, आणि नियमपत्रकात वेगळे लिहिलेले नसेल तर ३५ रुपयेही लागू नयेत. मग महिना २७ दिवसांचा धरायचा आणि खाडे पाच. बंद दिवस खाड्यात घुसडले तर दिवसाला ३५ प्रमाणे १४० रुपये जादा जातात, म्हणून दिवाळी आणि मे महिन्याच्या बिलांवर ही नोंद जरूर पाहावी.

आता ६४० रुपयांकडे वळू. मेसची मोठी चूक इथे आहे आणि ती दिसायला सगळ्यात साळसूद आहे, कारण ‘मागील बाकी’ हा शब्द वाचला की आपण मनातून आधीच थोडे ओशाळतो. तुमच्याकडे सप्टेंबरचे ६४० रुपये राहिले होते ही गोष्ट खरी आहे. तुमच्या २२०० च्या हिशेबात ते तुम्ही धरलेलेच नाहीत आणि ती तुमची तिसरी चूक. पण ते कधी फिटले हे पावतीवर पेनने लिहिलेले आहे. ‘बाकी ६४० अनामतीतून’ याचा अर्थ असा, की तुमच्या ५००० मधले ६४० मेसने घेतले, बाकी शून्य झाली आणि अनामत ४३६० उरली.

शेवटच्या बिलात नेमका हाच ४३६० चा आकडा ‘अनामत शिल्लक’ म्हणून आलेला आहे. म्हणजे अनामतीच्या वहीत ६४० वजा झाले. आणि त्याच बिलात वर ‘मागील बाकी ६४०’ पुन्हा उभी आहे, म्हणजे महिन्याच्या खातेवहीत ती बाकी खोडली गेली नाही. दोन वह्या, बहुधा दोन हात, आणि एकीतली नोंद दुसरीत पोहोचलेली नाही. ज्या वसतिगृहात मी होते तिथेही अनामतीची वही कपाटात आणि खातेवही टेबलावर असे, आणि कपाटातली नोंद टेबलावर यायला कधी कधी महिना लागे. कोणी पैसे खाल्ले असे लगेच मनात आणू नका. पैसे तुमच्याकडून दोनदा वजा झाले, एवढेच धरा.

यावरून एक खूण लक्षात ठेवता येते. शेवटच्या बिलात अनामतीचा आकडा मूळ भरल्याइतका, म्हणजे ५०००, दाखवला असेल तर मागील बाकी खाली मिळवणे बरोबर आहे. अनामतीचा आकडा आधीच कमी झालेला असेल तर ज्या बाकीपोटी तो कमी झाला ती बाकी पुन्हा मिळवता येत नाही. पडताळून पाहा : ५००० मधून ३३९५ आणि ६४० असे ४०३५ वजा केले तर ९६५ उरतात, ४३६० मधून फक्त ३३९५ वजा केले तरीही ९६५ च उरतात. बिलात मात्र आकडा दुसऱ्या रीतीचा आणि वजाबाकी पहिल्या रीतीची घेतली आहे. एका दिवसाच्या खाड्याचे १०५ आणि दोनदा धरलेले ६४०, मिळून ७४५. आणि २२० मध्ये ७४५ मिळवले की ९६५.

तुमच्या बाजूचेही असेच जुळवून घ्या, म्हणजे मनात शंका राहणार नाही. जादा धरलेल्या दोन दिवसांचे २८०, नऊ दिवसांच्या स्थिर भागाचे ३१५ आणि सप्टेंबरचे ६४०, मिळून १२३५. हे २२०० मधून काढले की पुन्हा तेच ९६५. एक गोष्ट फक्त तुम्हालाच ठाऊक असणार : ऑक्टोबरमध्ये तुम्ही किंवा घरच्यांनी ते ६४० रोख किंवा यूपीआयने वेगळे भरले नाहीत ना? भरले असतील तर अनामत पुन्हा ५००० झाली आणि परतावा १६०५ होतो. त्याची पावती किंवा व्यवहाराची नोंद मात्र लागेल.

तुम्ही ज्या मेसमध्ये आता जाणार आहात ती ‘डिव्हायडिंग’ पद्धतीची असेल, तर वरचा सगळा हिशेब तिथे जसाच्या तसा लावू नका. तिथे दर आधी ठरलेला नसतो. महिन्याचा सगळा खर्च सगळ्यांच्या मिळून हजर दिवसांनी भागतात आणि मग दर निघतो. चाळीस मुली आणि ३१ दिवस म्हणजे १२४० दिवस. त्यातले २४० दिवस खाड्यांचे गेले तर १००० दिवस उरले, आणि खर्च १,१०,००० असेल तर दर ११० पडतो. तुमचा खाडा त्या १००० मध्ये आधीच वजा झालेला असतो, म्हणून वेगळी सूट मिळत नाही आणि ३५ रुपयांसारखा स्थिर भागही सहसा वेगळा दिसत नाही. अशा ठिकाणी दराचा आकडा पाहण्यापेक्षा तो कोणत्या आकड्याने भागून काढला ते विचारावे. दिवाळीच्या महिन्यात दर अचानक वर गेलेला दिसला तर त्यात नवल नाही. हजर दिवस कमी झाले आणि आचाऱ्याचा पगार तेवढाच राहिला.

आता करायचे काय ते सांगते. बिल, सप्टेंबरची पावती, अनामतीची पावती, खाड्याचा अर्ज आणि नियमपत्रक यांच्या प्रती काढा आणि मेसच्या व्यवस्थापकांच्या नावे अर्धे पान लिहा. त्यात दिवाळी, अभ्यास, घरची अडचण असे काही नको. मजकूर साधारण असा असावा : ‘ऑक्टोबर २०२५ च्या बिलात खाडे १८ ते २६ असे दाखवले आहेत. हे ९ दिवस होतात. सूट ८४० ऐवजी ९४५ हवी. सप्टेंबरची बाकी ६४० रुपये अनामतीतून वजा झाल्याची नोंद पावतीवर आहे व बिलातील अनामत शिल्लक ४३६० ही ती वजा करूनच आलेली आहे. म्हणून मागील बाकीची ओळ रद्द करावी. ऑक्टोबरचा आकार ३३९५ व परतावा ९६५ असे दुरुस्त बिल द्यावे.’ खाली तारीख, सही आणि जोडलेल्या कागदांची नावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

आधी हे घेऊन कारकुनाकडेच जा आणि त्यांच्यासमोर तारखा बोटांवर मोजा. दिवसांची चूक तिथल्या तिथे सुटण्याचा संभव अधिक. ६४० ची चूक कदाचित त्यांच्या हातात नसेल, कारण अनामतीची वही वेगळ्या व्यक्तीकडे असू शकते. त्यांनी ‘बिल पुढे गेले, आता काही होत नाही’ असे म्हटले तर तो अर्ज रेक्टरांकडे द्यावा आणि दोन्ही वह्यांतली तुमच्या नावाची पाने शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची विनंती करावी. अनामतीच्या वहीत ६४० नावे पडलेले आणि खातेवहीत ते जमा न झालेले, हे दोन पानांवर दिसले की बोलायला काही उरत नाही. अनामतीची मूळ पावती मात्र पूर्ण रक्कम हातात येईपर्यंत परत करू नका. मागितलीच तर प्रत द्या आणि मूळ पावती फक्त दाखवा.

आणि समजा दुरुस्तीला वेळ लागणार आहे म्हणून तुम्हाला आत्ता २२० रुपये घ्यायला सांगितले, तर ते घ्यायला हरकत नाही. अडचण सहीची आहे. परताव्याच्या व्हाउचरवर ‘संपूर्ण हिशेब मिळाला, काही येणे नाही’ असे आधीच छापलेले असते. ती ओळ खोडून तिथे आपल्या हाताने ‘फक्त २२० रुपये मिळाले, उर्वरित ७४५ रुपयांबाबत अर्ज दिलेला आहे’ असे लिहा, अर्जाची तारीख घाला आणि त्याखाली सही करा. मग त्या व्हाउचरचे छायाचित्र काढून घ्या.